पी, क्यूआरएस आणि टी : एका ठोक्याची रेघ

ईसीजीचा कागद हातात आला की आपली नजर आधी वरच्या छापील इंग्रजी ओळींवर जाते. तिथे ‘नॉर्मल’ दिसलं की हायसं वाटतं, दुसरं काही दिसलं की पोटात गोळा येतो. खालच्या रेघोट्यांच्या वाटेला कुणी जात नाही, कारण ते डॉक्टरांचं काम. पण वैद्यकीच्या पुस्तकात पहिल्याच धड्यात छापलेली साधी, निरोगी माणसाची पट्टी कुणालाही वाचता येते. त्यासाठी बारीक चौकटी मोजता यायला हव्यात आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. ही रेघ हृदयाच्या धडधडीची नाही, त्या धडधडीला हुकूम देणाऱ्या विजेची आहे.

आधी कागद पाहू. गुलाबीसर कागदावर बारीक चौकटी असतात, प्रत्येक एक मिलिमीटरची. पाच बारीक चौकटींनंतर एक जाड रेघ येते आणि तिथे एक मोठी चौकट पुरी होते. कागद सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणजे आडव्या दिशेने एक बारीक चौकट ०.०४ सेकंदाची, मोठी चौकट ०.२ सेकंदाची आणि पाच मोठ्या चौकटींचा एक सेकंद. उभ्या दिशेने वेळ नसते, विजेचा दाब असतो. दहा मिलिमीटर उंची म्हणजे एक मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग. पट्टीच्या एका टोकाला दोन मोठ्या चौकटी उंचीचा चौकोनी खांब छापलेला दिसतो. ते यंत्राने आपलं माप बरोबर असल्याचं दिलेलं प्रमाण असतं. तो खांब अर्ध्याच उंचीचा असेल तर पुढच्या सगळ्या उंच्या दुप्पट धरायच्या. वाचायला घाई झाली की नेमका हाच खांब पाहायचा राहतो.

पुस्तकातली पट्टी बहुधा ‘लीड टू’ची असते. उजवा हात आणि डावा पाय यांच्यामधला विजेचा फरक ती दाखवते. हृदयातली वीज साधारणपणे वरून उजव्या खांद्याकडून खाली डावीकडे पसरत जाते, म्हणजे जवळपास याच रेषेत. म्हणून या लीडमध्ये सगळं ठळक आणि सुलटं दिसतं. नियम सोपा आहे. उत्तेजनाची लाट डाव्या पायाच्या दिशेने येऊ लागली की रेघ वर चढते, उलट दिशेने गेली की खाली उतरते, आणि हृदयाच्या दोन भागांत काही फरकच उरला नाही की रेघ सपाट राहते. हा शेवटचा भाग विसरू नका, तो पुढे दोनदा लागणार आहे.

उत्तेजना म्हणजे काय, तेही दोन वाक्यांत सांगतो. विश्रांतीतल्या हृदयपेशीच्या आतला भाग बाहेरच्या मानाने ऋण असतो. उत्तेजना पोचली की सोडियमचे कण आत घुसतात, भार उलटतो आणि शेजारच्या पेशीला तोच धक्का बसतो. असा हा धक्का पुढे पुढे जातो आणि कातडीवर लावलेल्या धातूच्या पट्ट्यांना त्याची चाहूल लागते.

आता पट्टीवरचा एक ठोका घेऊ. सपाट रेघेवर आधी एक छोटा, गोलसर उंचवटा दिसतो. ती पी वेव्ह. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत, वरच्या महाशिरेच्या तोंडाशी, सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचं वर्णन केलं. ठोका तिथे सुरू होतो. गंमत म्हणजे खुद्द त्या पुंजक्याची वीज पट्टीवर दिसतच नाही, तो फार लहान असतो. ती वरच्या दोन कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या स्नायूत पसरू लागली की पी उमटते. आधी उजवा कप्पा, मग डावा. म्हणून पीचा पूर्वार्ध मुख्यतः उजव्या कप्प्याचा आणि उत्तरार्ध डाव्याचा. आपल्या पट्टीत ही पी दोन बारीक चौकटी रुंद आणि दीड मिलिमीटर उंच आहे. तीन चौकटींच्या आत रुंदी आणि अडीच मिलिमीटरच्या आत उंची, हे ठीक. अलिंदांच्या भिंती पातळ असतात, त्यामुळे पी कधी मोठी नसतेच. मोठी दिसू लागली तर वरचा कप्पा ताणला गेला असण्याची शंका घ्यायची.

पी संपते आणि रेघ दोन चौकटी सपाट चालते. इथे सवयीने आपण पुढच्या उंच टोकाकडे उडी मारतो, पण थोडं थांबायला हवं. वरचे आणि खालचे कप्पे यांच्यामध्ये विजेला अडवणारा एक पडदा असतो आणि निरोगी हृदयात तो ओलांडायची वाट एकच, एव्ही नोड. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीत काम करत असताना १९०६ साली ही वाट उलगडून दाखवली. या नोडमध्ये वीज सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर वेगाने सरपटते. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. वरच्या कप्प्यांनी आकुंचन पावून आपलं उरलंसुरलं रक्त खाली ढकलेपर्यंत खालच्या कप्प्यांना थांबवून धरायचं असतं. म्हणजे रेघ सपाट आहे तेव्हाही वीज चालूच असते. पण नोड आणि त्याच्या पुढचा तारांचा जुडगा इतका बारीक असतो की बाहेर कातडीपर्यंत त्याची खबर पोचत नाही. पी जिथे सुरू झाली तिथपासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंतच्या अंतराला पीआर इंटरव्हल म्हणतात. ते तीन ते पाच बारीक चौकटींत बसायला हवं. आपल्या पट्टीत चार आहेत, ०.१६ सेकंद.

नोड ओलांडला की चित्र एकदम बदलतं. हिस बंडल, तिच्या डाव्या-उजव्या शाखा आणि शेवटी पुरकिंजे तंतूंचं जाळं यांतून वीज सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावते. दोन्ही निलयांचा जाड स्नायू जवळजवळ एकाच वेळी चेतवला जातो. स्नायू मोठा, म्हणून टोक उंच. काम झपाट्याने उरकतं, म्हणून टोक अरुंद. हे क्यूआरएस कॉम्प्लेक्स. यात तीन तुकडे आहेत. आधी दोन निलयांमधला पडदा डावीकडून उजवीकडे चेततो, म्हणजे आपल्या लीडपासून किंचित दूर. म्हणून छोटा खड्डा पडतो, तो क्यू. मग डाव्या निलयाची जाड भिंत चेतते आणि आरचा उंच कळस उभा राहतो. शेवटी निलयांचा तळाकडचा, वर असलेला भाग उरतो. तिकडे लाट वळली की रेघ खाली डोकावते, तो एस. तिन्ही प्रत्येक लीडमध्ये दिसतीलच असं नाही. क्यू नसलेल्या पट्टीलाही क्यूआरएसच म्हणतात.

या साऱ्याची रुंदी आपल्या पट्टीत दोन बारीक चौकटी, ०.०८ सेकंद आहे. तीन चौकटी किंवा त्याहून जास्त भरली तर काहीतरी बिनसलंय. एकतर डावी किंवा उजवी शाखा बंद आहे, नाहीतर ठोकाच भलत्या जागी, निलयाच्या स्नायूत सुरू झाला आहे. दोन्ही वेळा विजेला काही मार्ग तारांच्या हमरस्त्याऐवजी स्नायूच्या पाणंदीतून काढावा लागतो आणि वेळ लागतो. क्यूआरएस रुंद दिसलं की कोणता रस्ता बंद आहे, हा विचार आधी करायचा.

मग वरच्या कप्प्यांची वीज ओसरल्याची लाट कुठे गेली, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडेल. ती असते, पण नेमकी क्यूआरएसच्या गदारोळात दडून जाते. एवढ्या मोठ्या आवाजात ती कुजबुज ऐकू येत नाही.

क्यूआरएसनंतर रेघ पुन्हा सपाट. ही एसटी सेगमेंट. हिची सपाटी पहिल्यासारखी नाही. इथे निलयांतल्या सगळ्या पेशी एकाच वेळी चेतलेल्या अवस्थेत असतात. सगळे समान, म्हणून फरक शून्य, म्हणून रेघ सपाट. मघाचा नियम आठवा. आता रक्तवाहिनी अचानक पूर्ण बंद पडून स्नायूचा एखादा भाग गुदमरला, की त्या भागातल्या पेशींचा भार बाकीच्यांसारखा राहत नाही. समानता मोडते आणि एसटी पायारेषेवरून वर उचलली जाते. हार्ट अटॅकच्या संशयात डॉक्टर कागदावर पट्टी आडवी धरून एसटीच बघतात, त्यामागचं कारण हे. मात्र एसटी वर दिसली म्हणजे अटॅकच, असंही नाही. तरुण, धडधाकट माणसांत ती थोडी वर असू शकते, हृदयाच्या आवरणाला सूज आली तरी असते. हा निवाडा बाराही लीड पाहून करायचा असतो. एका पट्टीवरून कुणी करू नये.

शेवटी येते टी वेव्ह, रुंद आणि गोल, चढण संथ आणि उतरण त्याहून जराशी तीव्र. निलयांच्या पेशी पुन्हा पूर्वस्थितीवर येतात, त्याची ही खूण. मला या पट्टीवर सगळ्यात आवडते ती हीच, कारण ती तर्काला चकवते. विचार करा. चेतण्याची लाट आपल्या दिशेने आली तेव्हा रेघ वर गेली. ओसरणं हे चेतण्याच्या नेमकं उलट आहे, मग टी खाली जायला हवी होती. पण निरोगी माणसाच्या लीड टूमध्ये ती वर असते. का?

कारण दिशाही उलटते. निलयाची भिंत आतून बाहेर चेतते, कारण पुरकिंजे तंतू आतल्या पृष्ठभागाला असतात. ओसरताना मात्र क्रम बदलतो. भिंतीच्या बाहेरच्या थरातल्या पेशींचा चेतलेला काळ तोकडा असतो. शेवटी चेतलेल्या त्या पेशी आधी मोकळ्या होतात आणि ओसरण बाहेरून आत जाते. भार उलटा आणि वाटही उलटी, त्यामुळे दोन उणे मिळून अधिक होतं आणि टी वर उभी राहते. ती रुंद असते, कारण ओसरण तारांतून धावत नाही, प्रत्येक पेशी आपल्या गतीने सावरते. म्हणूनच टी नाजूक आहे. रक्तपुरवठा कमी पडला, क्षार बदलले, काही औषधं सुरू झाली, की पहिला परिणाम तिच्यावर दिसू शकतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचं पोटॅशियम वाढतं तेव्हा टी तंबूसारखी उंच, टोकदार आणि अरुंद होते. डायलिसिस विभागातल्या मंडळींना हा तंबू लांबून ओळखू येतो.

क्यूआरएसच्या आरंभापासून टीच्या शेवटापर्यंत आपल्या पट्टीत नऊ चौकटी आहेत, ०.३६ सेकंद. एका आरच्या टोकापासून पुढच्या आरपर्यंत वीस. मिनिटात १५०० बारीक चौकटी जातात, त्यांना २० ने भागलं की ७५ ठोके. मोठ्या चौकटींनी करायचं तर ३०० भागिले चार, उत्तर तेच. वीसपैकी पी ते टी तेरा चौकटी झाल्या. उरलेल्या सातांत हृदय सैल पडून रक्ताने भरून घेत असतं. ठोके वाढले की काटछाट होते ती मुख्यतः याच सात चौकटींत.

आता सुरुवातीचं वाक्य पुन्हा तपासू. क्यूआरएसचं टोक म्हणजे हृदयाचं आकुंचन, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्या क्षणी निलय जेमतेम आवळू लागलेले असतात. मनगटावर नाडीचा ठोका लागतो तोवर रेघ एसटीच्या सपाटीवर किंवा टीच्या चढणीला लागलेली असते. आणि टी जिथे संपते तिथे साधारण महारोहिणीची झडप मिटते, स्टेथोस्कोपमधला ‘लब-डब’मधला ‘डब’ ऐकू येतो. वीज पुढे, स्नायू मागे. क्वचित असंही होतं की मॉनिटरवर रेघ व्यवस्थित चालू असते आणि नाडी मात्र लागत नाही. वीज हुकूम देते, स्नायू तो पाळू शकत नाही. म्हणून बेशुद्ध माणसाच्या बाबतीत आधी नाडी पाहतात, मॉनिटर नंतर.

या अक्षरांचे जनक नेदरलँड्समधल्या लायडेनचे विलेम आइन्टहोवन. त्यांच्याआधी लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली माणसाच्या हृदयाची वीज शरीराबाहेरून टिपली होती, पण पाऱ्याच्या केशनळीवर ती रेघ मठ्ठ आणि पुसट उमटे. आइन्टहोवन यांनी गणिताने ती दुरुस्त केली आणि १८९५ साली दुरुस्त लाटांना पीपासूनची अक्षरं दिली. मूळ रेघेवरच्या लाटांना ए, बी, सी, डी ही अक्षरं आधीच दिलेली होती. पुढे चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू चुंबकात टांगून त्यांनी स्ट्रिंग गॅल्व्हॅनोमीटर बनवला. त्या यंत्राचं वजन पावणेतीनशे किलोच्या घरात होतं आणि रुग्णाला हातपाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावं लागे. त्या कामाला १९२४ साली नोबेल मिळालं.

निरोगी पट्टी कळली की बिघडलेलीही कळू लागते. एक घेऊ. चालता चालता चक्कर येऊन पडलेल्या वयस्क माणसाची पट्टी. क्यूआरएस एकमेकांपासून ४३ बारीक चौकटींवर आहेत, १५०० भागिले ४३, म्हणजे मिनिटाला साधारण ३५. फार कमी. क्यूआरएस रुंदही आहे, साडेतीन चौकटी. आता कोऱ्या कागदाची कड पट्टीखाली धरायची आणि दिसणाऱ्या दोन लागोपाठच्या पींवर पेनाने खुणा करायच्या. अंतर वीस चौकटी. कागद त्याच अंतराने पुढे सरकवत जायचा. प्रत्येक खुणेपाशी पी सापडते. एखादी टीच्या उतारावर बसलेली, एखादी क्यूआरएसच्या पोटात गेल्यामुळे न दिसणारी, पण वेळेवर. म्हणजे वरचे कप्पे ७५ च्या चालीने नियमित, खालचे ३५ च्या चालीने नियमित आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पी आणि क्यूआरएसमधलं अंतर दर ठोक्याला वेगळं, ही त्याची खूण. एव्ही नोडची वाट पूर्ण बंद आहे. निलय आपल्या खालच्या, संथ पेशींच्या भरवशावर कसेबसे चालले आहेत. याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात आणि उपाय बहुधा पेसमेकर. इथला ‘ब्लॉक’ विजेच्या वाटेचा आहे, रक्तवाहिनीतला नव्हे. ही गल्लत घराघरांत होते आणि ‘ब्लॉक आहे, मग अँजिओप्लास्टी कधी?’ असं विचारलं जातं.

पी मुळातच नाहीशी झाली, पायारेषा थरथरती झाली आणि क्यूआरएसमधली अंतरं कुठल्याच हिशोबात बसेनाशी झाली, तर ते एट्रियल फिब्रिलेशन. अलिंदं एकजुटीने आकुंचन पावत नाहीत, नुसती थरथरतात. मात्र त्याआधी माणूसच थरथरत नव्हता ना, हे बघावं लागतं. थंड एसी खोलीत उघड्या छातीने झोपलेल्या माणसाचा कंप रेघेवर हुबेहूब तसाच धुरळा उठवतो. तेव्हा क्यूआरएस समान अंतरावर आहेत का, हे पाहिलं की भेद कळतो. खोलीतल्या विजेचा गोंगाट शिरला असेल तर एका मोठ्या चौकटीत बरोबर दहा बारीक दाते मोजता येतात, कारण आपली घरगुती वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं पुरी करते.

याहून फसवी चूक म्हणजे वायरींची अदलाबदल. आपल्याकडच्या बहुतेक यंत्रांना लाल चिमटा उजव्या हाताला, पिवळा डाव्या हाताला, हिरवा डाव्या पायाला आणि काळा उजव्या पायाला लागतो. घाईत लाल-पिवळा उलटा लागला तर ‘लीड वन’मध्ये पी, क्यूआरएस, टी सगळंच डोक्यावर उभं राहतं. हृदय छातीच्या उजव्या बाजूला असलेल्या दुर्मीळ माणसातही असंच दिसतं. त्यामुळे पी उलटी दिसली की जाणता टेक्निशियन आधी चिमट्यांचे रंग पाहतो.

ईसीजीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. साधा ईसीजी दहा सेकंदांचा असतो. त्या दहा सेकंदांत जे घडलं नाही ते त्यात नसतं. रक्तवाहिन्या सत्तर टक्के अरुंद झालेल्या माणसाचा विश्रांतीतला ईसीजी अगदी पुस्तकातल्यासारखा येऊ शकतो. हार्ट अटॅकच्या सुरुवातीलाही पहिला ईसीजी चांगला निघू शकतो, म्हणून छातीत दुखणं चालू असेल तर रुग्णालयात तो थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्ताची ट्रोपोनिन चाचणी करतात. छातीवर दडपण आलंय, घाम फुटलाय आणि हातात ‘नॉर्मल’ लिहिलेला कागद आहे, अशा वेळी कागदाचं न ऐकता मोठ्या दवाखान्यात जावं.

एक विनंती. बरे असताना काढलेला ईसीजी जपून ठेवा. तो उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असेल तर काही वर्षांत पांढरा पडतो, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला तर त्याहून लवकर. घरी आल्यावर लगेच झेरॉक्स काढा किंवा मोबाइलवर सरळ उजेडात फोटो घ्या, तारीख लिहून ठेवा. पुढे कधी एसटी थोडी वर किंवा टी उलटी दिसली तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील, ‘जुना ईसीजी आहे का?’